खरेदी वही आणि २बी जुळत नाही? सीमाभागातल्या दुकानांत वारंवार सापडणारा एक दोष

महिन्याची १४ तारीख उलटली की निपाणी, संकेश्वर, खानापूर इथून मला फोन यायला लागतात. बोलणारा बदलतो, वाक्य तेच असतं: "साहेब, वहीत क्रेडिट जास्त आहे, २बी मध्ये कमी दाखवतंय. २० तारखेला ३बी कशी भरायची?" २बी म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टल आपल्यासाठी दर महिन्याला काढतं तो क्रेडिटचा तक्ता, आणि ३बी म्हणजे ती क्रेडिट घेऊन आपण भरायचं विवरण. खरेदी वही आणि २बी न जुळण्याची कारणं पुष्कळ आहेत. पण सीमेवरच्या दुकानांत एक कारण इतक्या वेळा निघतं, की मी आता आधी तेच बघतो. हे लिहिणं त्या एका दोषाबद्दल आहे. वाटेत भेटणारी दोन-तीन साधी कारणंही घेतो, कारण ती बाजूला केल्याशिवाय हा दोष नीट दिसत नाही.

लक्षणं

वहीतली क्रेडिट २बी पेक्षा जास्त आहे, पण आयजीएसटीचा आकडा पैशापर्यंत जुळतो. फरक सगळा सीजीएसटी आणि एसजीएसटीत आहे, आणि दोन्हीकडं सारखाच.

ज्या बिलावर संशय आहे ते आयएमएसमध्ये, म्हणजे पोर्टलवर आलेली बिलं स्वीकारायच्या-नाकारायच्या यादीत, शोधून सापडत नाही. पुरवठादाराला विचारलं तर तो म्हणतो, "जीएसटीआर-१ वेळेत भरलाय, तुमचं बिल टाकलंय." तो खोटं बोलत नसतो.

तो पुरवठादार कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लज किंवा गोव्याकडचा असतो, आणि माल तुम्ही आपल्या गाडीतून आणलेला असतो. पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच नावावर फरक निघतो.

पोर्टलवर आपोआप भरून आलेल्या ३बी मध्ये `4(D)(2)` या ओळीत एक रक्कम बसलेली दिसते. ती कुठून आली हे दुकानात कुणालाच सांगता येत नाही.

यातली दोन लक्षणं जरी जुळली तरी पुढचं वाचा.

दोष नेमका काय आहे

निपाणीचा दुकानदार छोटा हत्ती घेऊन कोल्हापूरला जातो, गोदामातून माल भरतो, बिल घेतो आणि कोगनोळीवरून परत येतो. कोल्हापूरच्या दिवाणजीचा हिशोब सरळ असतो. माल आमच्या दारात दिला, गिऱ्हाईक आपल्या गाडीनं घेऊन गेलं, म्हणजे विक्री महाराष्ट्रातच झाली. म्हणून तो सीजीएसटी आणि महाराष्ट्राचा एसजीएसटी लावतो. बिलावर तुमचा २९ ने सुरू होणारा कर्नाटकचा जीएसटी नंबर असतो, पण `Place of supply` च्या रकान्यात २७, म्हणजे महाराष्ट्र.

कायदा असं म्हणत नाही. आयजीएसटी कायद्याच्या कलम १०(१)(अ) प्रमाणं मालाची ने-आण होत असेल, तर ती पुरवठादारानं केली, घेणाऱ्यानं केली की तिसऱ्या कुणी केली, याला महत्त्व नाही. घेणाऱ्याला माल पोचवण्यासाठीची हालचाल जिथं संपते ते पुरवठ्याचं ठिकाण. माल निपाणीत उतरला तर ठिकाण कर्नाटक, पुरवठादार महाराष्ट्रातला असला तरी. दोन राज्यं वेगळी म्हणजे आयजीएसटी.

चुकीचं ठिकाण टाकलं की पोर्टल पुढचं काम स्वतःच करतं. पुरवठादाराचं राज्य आणि पुरवठ्याचं ठिकाण एकच, घेणारा मात्र दुसऱ्या राज्यातला, असं दिसलं की ते बिल २बी च्या `ITC Available` भागात न जाता `ITC Not Available` भागात पडतं. अशी बिलं आयएमएसमध्ये येतच नाहीत, थेट २बी मध्ये उतरतात. म्हणून आयएमएसमध्ये शोधणारा माणूस "बिल भरलंच नाही" असं धरून चालतो आणि पुरवठादाराशी भांडत बसतो.

पहिली तपासणी: कुठला महिना, कुठला नंबर

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. २बी दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होते. १२ तारखेला डाउनलोड करून ठेवलेली फाइल मागच्या महिन्याची असते. हे हसण्यासारखं वाटेल, पण मी स्वतः एकदा अर्धा दिवस चुकीच्या महिन्याची फाइल जुळवत बसलो होतो.

१४ नंतर आयएमएसमध्ये एखादं बिल स्वीकारलं, नाकारलं किंवा पुढं ढकललं असेल, तर २बी पुन्हा काढायला लावणारं बटण दाबावं लागतं. तोवर जुनाच आकडा दिसत राहतो.

आणि सीमाभागातली खास गोष्ट: अनेकांचे दोन नंबर असतात. दुकान बेळगावात, गोदाम किंवा दुसरी पेढी चंदगड-कागलकडं. पॅन एकच, त्यामुळं नंबरातले मधले दहा अक्षर-आकडे तेच. पुरवठादाराच्या संगणकात दोन्ही खाती असतात आणि घाईत भलतंच निवडलं जातं. तेव्हा हरवलेलं बिल आपल्याच दुसऱ्या नंबरच्या २बी मध्ये आहे का, हे आधी पाहा. पहिले दोन आकडे वाचा, बाकीचे वाचायची गरज पडत नाही.

दुसरी तपासणी: एकूण रक्कम नको, तिन्ही कर वेगळे धरा

बहुतेक दुकानांत एकच बेरीज जुळवतात: वहीत इतकी क्रेडिट, २बी मध्ये इतकी, फरक इतका. त्यातून काहीच कळत नाही. आयजीएसटी, सीजीएसटी, एसजीएसटी वेगवेगळे मांडले की फरकाचा स्वभाव दिसतो.

गेल्या वर्षीचं एक प्रकरण घेतो. निपाणीतलं हार्डवेअरचं दुकान, दर महिन्याला विवरण भरणारं, महिना ऑगस्ट २०२५. वहीत आयजीएसटी १,२६,०००, सीजीएसटी ४१,४०० आणि एसजीएसटी ४१,४०० होता. २बी मध्ये मिळण्याजोगी क्रेडिट आयजीएसटी १,२६,०००, सीजीएसटी २९,७०० आणि एसजीएसटी २९,७००. एकूण फरक २३,४०० रुपयांचा.

दुकानात समज अशी होती की बाहेरगावच्या कुणीतरी बिलं भरली नाहीत. पण बाहेरगावची खरेदी आयजीएसटीत असायला हवी आणि आयजीएसटी तर बरोबर जुळत होता. फरक ११,७०० आणि ११,७०० असा, दोन स्थानिक करांत. म्हणजे एकतर कर्नाटकातल्याच कुणाचं बिल राहिलंय, नाहीतर महाराष्ट्रातल्या कुणीतरी स्थानिक कर लावलाय. शोध दोनच दिशांना उरला.

उलट बेरजा जुळून फक्त बिलं न जुळणारी दिसत असती तर मी आधी बिल नंबरांच्या लिखाणाकडं गेलो असतो. वहीत `417` आणि २बी मध्ये `KOP/25-26/0417` असलं की जुळणी करणारं सॉफ्टवेअर एकाच बिलाची दोन न जुळणारी बिलं दाखवतं. त्यात रकमेचा फरक पडत नाही, फक्त डोकेदुखी होते. दोन्हीकडच्या याद्या पुरवठादाराचा नंबर आणि करपात्र रक्कम यांवर लावा, अशा जोड्या डोळ्यांनीच दिसतात.

तिसरी तपासणी: २बी चा न मिळणाऱ्या क्रेडिटचा भाग उघडा

इथं सगळा मुद्दा आहे, आणि इथंच कुणी जात नाही. पोर्टलवर २बी चा गोषवारा उघडला की पहिला भाग `ITC Available` दिसतो. लोक तेवढाच बघतात. शेजारच्या `ITC Not Available` वर टिचकी मारा. एक्सेल फाइल उतरवली असेल तर `B2B` च्या पानावर उजवीकडं सरकत जा, `ITC Availability` आणि `Reason` असे दोन रकाने आहेत. पहिल्यात `No` गाळून घ्या. कारण असं वाचायला मिळेल:

```
POS and supplier state are same but recipient state is different
```

हे वाक्य दिसलं की दोष सापडला. पुरवठादारानं बिल भरलंय, कर भरलाय, फक्त तो अशा खात्यात गेलाय की कर्नाटकातल्या तुमच्या नंबरला त्याचा उपयोग नाही.

निपाणीच्या दुकानात असं एक बिल निघालं: करपात्र ९०,०००, त्यावर १८ टक्क्यांनी सीजीएसटी ८,१०० आणि एसजीएसटी ८,१००. पुरवठादार कोल्हापूरचा. म्हणजे ११,७०० पैकी ८,१०० चा उलगडा झाला. दोन्हीकडं ३,६०० अजून बाकी.

त्याच रकान्यात दुसरंही कारण दिसू शकतं: विवरण वार्षिक मुदतीनंतर भरलं. तो वेगळा आजार आहे. त्यावर दुकानात बसून इलाज नाही, शेवटी त्याबद्दल लिहिलंय.

हा दोष महिनाअखेरीपर्यंत थांबून शोधण्याची खरं तर गरज नाही. बिल वहीत चढवतानाच पकडता येतो. एक्सेलमध्ये वही असेल, `A` मध्ये पुरवठादाराचा नंबर आणि `F` मध्ये एसजीएसटी असेल, तर शेवटच्या रकान्यात हे टाका:

```
=IF(AND(LEFT(A2,2)<>"29",F2>0),"तपासा","")
```

अर्थ इतकाच: पुरवठादार कर्नाटकचा नाही, तरी एसजीएसटी लागलाय, तर ओरड. माल अजून गाडीत आणि दिवाणजीचा फोन अजून ओळखीचा असताना हे कळलं तर बिल त्याच दिवशी बदलून मिळतं. पुरवठादार ई-इनव्हॉइस करणारा असेल तर ते रद्द करायला त्याला २४ तासच मिळतात. त्यानंतर सहसा क्रेडिट नोटचीच वाट उरते.

चौथी तपासणी: उरलेलं बिल खरंच राहिलंय की फक्त उशिरा येणार आहे

उरलेले ३,६०० आणि ३,६०० संकेश्वरच्या एका पुरवठादाराचे निघाले. ४०,००० चा माल, बिल कर्नाटकातलंच, कर बरोबर, पण २बी च्या दोन्ही भागांत नाही.

पोर्टलवर लॉगिन न करताही कुठलाही जीएसटी नंबर टाकून त्याची विवरणं कधी भरली ते पाहता येतं. शोधाच्या पानावर `Show Filing Table` दाबा. हा पुरवठादार तिमाही विवरण भरणारा होता. ज्यांची उलाढाल ५ कोटींपर्यंत आहे त्यांना ही सवलत आहे. असा माणूस पहिल्या दोन महिन्यांची बिलं आयएफएफ नावाच्या सोयीतून पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत टाकू शकतो, पण ते ऐच्छिक आहे. नाही टाकली तर तिमाही संपल्यावरच दिसतात. ऑगस्ट हा तिमाहीतला दुसरा महिना, म्हणजे त्याचं बिल सप्टेंबरच्या २बी मध्ये, १४ ऑक्टोबरला येणार.

यावर भांडू नका. ऑगस्टच्या ३बी मध्ये ते ७,२०० घेऊ नका, वहीत खूण करून ठेवा आणि ऑक्टोबरमध्ये भरायच्या सप्टेंबरच्या ३बी मध्ये घ्या. १ जानेवारी २०२२ पासून कलम १६(२)(एए) लागू झालं. तेव्हापासून २बी मध्ये न आलेल्या बिलाची क्रेडिट घेताच येत नाही, आधी मिळणारी ५ टक्क्यांची मुभाही तेव्हाच संपली. पुरवठादाराला आयएफएफ टाकायची सवय लावता आली तर बरं. मी दोन-तीनदा सांगून पाहतो. नाही ऐकलं तर त्याच्याकडची खरेदी तिमाहीनं क्रेडिट देणारी, असं धरून पैशांचं नियोजन करायला सांगतो.

जुगाड, जे करू नका

इथवर आलं की दुकानात कुणीतरी म्हणतंच, "रक्कम तर तीच आहे ना? आपण आयजीएसटी म्हणून १६,२०० घेऊन टाकू." नको. २बी मध्ये तेवढा आयजीएसटी नाही. ३बी मधली क्रेडिट २बी पेक्षा ठराविक मर्यादेपलीकडं गेली की डीआरसी-०१सी नावाची विचारणा येते, आणि तिला सात दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

दुसरा जुगाड जरा हुशारीचा वाटतो: "एसजीएसटी महाराष्ट्राचा, तो सोडू, सीजीएसटी तर केंद्राचा, तो घेऊ." २बी ही वाटणी मानत नाही. पूर्ण ओळच न मिळणाऱ्या भागात असते, सीजीएसटीसकट. चुकून घेतलेली क्रेडिट वापरली गेली तर ती परत करताना १८ टक्के व्याज बसतं. एका महिन्याची उसनवारी इतकी महाग कशाला पाडून घ्यायची?

त्या महिन्याची ३बी कशी भरायची ते सरळ आहे. २बी त मिळण्याजोगी जी रक्कम आहे तीच `4(A)(5)` मध्ये, आणि कोल्हापूरच्या बिलाचे १६,२०० `4(D)(2)` मध्ये. ते तिथं फक्त माहितीसाठी असतात, क्रेडिटमध्ये धरले जात नाहीत. वहीतही त्या १६,२०० ला नेहमीच्या इनपुटच्या खात्यात ठेवू नका. 'अडकलेला कर' असं वेगळं खातं उघडा. नाहीतर पुढच्या महिन्यात नवा माणूस बसतो, इनपुटच्या खात्यात शिल्लक बघतो आणि घेऊन टाकतो.

पाचवी तपासणी, आणि दुरुस्ती: पुरवठादाराला कसं पटवायचं

आतापर्यंत सगळं आपल्या टेबलावर होतं. आता दुसऱ्याच्या वहीत बदल करून घ्यायचाय, म्हणून हे शेवटी.

फोनवर कायद्याचं कलम सांगून उपयोग होत नाही, हे मी पुष्कळ फोन वाया घालवून शिकलोय. पुरावा त्याच्याच कागदातून काढा. १,०६,२०० चा माल सीमा ओलांडून आलाय, म्हणजे ५०,००० च्या वर, म्हणजे ई-वे बिल झालेलंच असणार. त्यात माल कुठं पोचणार ते लिहिलेलं असतं: निपाणी, कर्नाटक. पुरवठादारानंच एका कागदावर माल कर्नाटकात पाठवला म्हणून लिहिलंय आणि दुसऱ्या कागदावर महाराष्ट्रात विकला म्हणून. दोन्ही कागद शेजारी ठेवून फोटो पाठवला की दिवाणजी गप्प होतो.

त्याची खरी भीती वेगळी असते. या प्रकरणातले शेठ मला म्हणाले, "अहो, मी कर भरून बसलोय. आता पुन्हा आयजीएसटी भरू? पहिले पैसे मला कोण देणार?" प्रश्न रास्त आहे, त्याचं उत्तर तयार ठेवा. जुन्या बिलावर त्यानं पूर्ण क्रेडिट नोट काढली आणि ती जीएसटीआर-१ मध्ये टाकली, की त्याचं त्या महिन्याचं सीजीएसटी आणि एसजीएसटीचं देणं १६,२०० नं कमी होतं. नवीन बिलावर आयजीएसटीचं देणं १६,२०० नं वाढतं. कमी झालेल्या देण्यासाठी लागली असती ती त्याची क्रेडिट शिल्लक उरते, आणि आयजीएसटीचं देणं आपल्या आयजीएसटी क्रेडिटमधून, ती संपली की सीजीएसटी आणि एसजीएसटीच्या क्रेडिटमधून भागवता येतं. बऱ्याचदा खिशातून नवा पैसा जात नाही. एवढं कागदावर मांडून दाखवलं की निम्मे लोक तयार होतात.

सोबत आपल्या लेटरहेडवर दोन ओळींचं पत्र द्या: अमुक बिलावरची क्रेडिट आम्ही घेतलेली नाही. क्रेडिट नोटवर आपलं देणं कमी करताना समोरच्यानं क्रेडिट उलटवली का, हा प्रश्न त्याला विचारला जाऊ शकतो, आणि हे पत्र त्याच्या फायलीत असलं की तो निवांत राहतो.

निपाणीच्या प्रकरणात सप्टेंबरमध्ये क्रेडिट नोट निघाली आणि त्याच महिन्याच्या तारखेनं नवीन बिल निघालं. ठिकाण २९-कर्नाटक, आयजीएसटी १६,२००. १४ ऑक्टोबरच्या २बी मध्ये ते मिळण्याजोग्या भागात आलं, आणि संकेश्वरचे ७,२०० पण. दोन्ही त्या महिन्यात घेतले. तोटा झाला तो एक महिना १६,२०० रुपये अडकून राहिल्याचा.

क्रेडिट नोट आली त्या महिन्यात एक गोष्ट जरूर बघा. मूळ बिलाची क्रेडिट तुम्ही घेतलीच नव्हती, मग क्रेडिट नोटमुळं तुमची दुसरी क्रेडिट कमी व्हायला नको. आपोआप भरलेल्या ३बी मध्ये त्या रकमेनं सीजीएसटी-एसजीएसटी घटलेला दिसला तर भरायच्या आधी थांबा आणि तो आकडा कुठून आला ते २बी च्या क्रेडिट नोटांच्या पानावर शोधा.

मुळावर इलाज मात्र पुरवठादाराच्या संगणकात आहे. त्याच्या टॅलीत तुमच्या खात्यापुढं राज्य म्हणून `Maharashtra` राहून गेलेलं असतं, किंवा रोखीच्या गिऱ्हाइकाच्या खात्यावर बिल करून वर फक्त तुमचा नंबर टाकलेला असतो. ते खातं `Karnataka` करून घ्या आणि बदल झाल्याचा फोटो मागून घ्या. "करतो" म्हणणं आणि करणं यात कोल्हापूर ते निपाणीपेक्षा जास्त अंतर असतं. मी दुकानदारांना आणखी एक सांगतो, काहींना ते आवडत नाही: अशा पुरवठादाराला करापुरती रक्कम २बी दिसेपर्यंत थांबवून ठेवा. फक्त बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत पूर्ण पैसे पोचले पाहिजेत, नाहीतर घेतलेली क्रेडिटच उलटवावी लागते.

जिथं दोष नाही, तिथं भांडू नका

दुकानमालक कोल्हापुरात किंवा पणजीत लॉजवर राहिला, बिलावर कर्नाटकचा नंबर दिला, तरी बिल सीजीएसटी आणि तिथल्या एसजीएसटीचंच येणार, आणि २बी मध्ये तेच इंग्रजी कारण दिसणार. हे बरोबर आहे. राहण्याच्या सेवेचं ठिकाण म्हणजे ती इमारत जिथं आहे ते. लॉजवाल्याला आयजीएसटी लावायला सांगू नका, तो कर खर्चात टाका आणि पुढं चला. मालाची बिलं आणि लॉजची बिलं एकाच यादीत आली की लोक दोन्हींच्या मागं सारखंच धावतात, आणि खऱ्या १६,२०० ऐवजी ४८० रुपयांसाठी चार फोन होतात.

इथं थांबा आणि सीए किंवा करसल्लागाराकडं जा

बिल मागच्या आर्थिक वर्षातलं असेल तर. क्रेडिट घ्यायची आणि पुरवठादारानं क्रेडिट नोट दाखवायची, दोन्हींची मुदत वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरण त्याआधी भरलं तर तोवरच. मुदत उलटली असेल तर पुरवठादाराला कलम ७७ प्रमाणं योग्य कर भरून चुकीच्या खात्यातला परत मागायचा रस्ता आहे. त्याला त्यात व्याज बसत नाही, परतावा मागायला योग्य कर भरल्यापासून दोन वर्षं मिळतात. पण त्यामुळं तुमची क्रेडिट परत येतेच असं नाही. हे फोनवर मिटण्यातलं नव्हे.

आधीच्या महिन्यांत अशी क्रेडिट घेऊन वापरली गेलीय असं कळलं तर. किती उलटवायची, व्याज कुठल्या तारखेपासून, हे त्या-त्या महिन्याच्या खात्यातल्या शिल्लकेवर ठरतं. अंदाजानं आकडा टाकू नका.

डीआरसी-०१सी किंवा कुठलीही नोटीस आली असेल तर. पोर्टलवर आलेल्या विचारणेची तारीख आधी लिहून घ्या. सात दिवस ती वाचल्यापासून नाही, आल्यापासून मोजले जातात.

माल निपाणीला आलाच नाही, तुम्ही कोल्हापुरात विकत घेऊन तिथूनच परस्पर सांगलीच्या गिऱ्हाइकाला पाठवायला सांगितला, असं असेल तर. यात पुरवठ्याचं ठिकाण ठरवायचा नियम वेगळा आहे, दोन विक्र्या एकाच गाडीत बसलेल्या असतात आणि ई-वे बिल वेगळंच काहीतरी सांगतं. वर लिहिलेला फोटो पाठवायचा उपाय इथं उलटा अंगावर येऊ शकतो.

आणि पुरवठादाराची नोंदणीच रद्द झालेली दिसली तर, त्याच्या नावावरची सगळी बिलं, पैसे दिल्याचे बँकेचे उतारे आणि ई-वे बिलं एका फायलीत लावा आणि त्या महिन्याची ३बी भरण्याआधीच सल्लागाराची वेळ घ्या.